कँटीन तपासणीचे ३१ शेरे: केटररला द्यायची यादी आणि मुदती कशा ठरवायच्या?

मीठमिरची (शनिवार, संध्याकाळी ७:१०)

अंधेरी पूर्वेला आमचं ऑफिस आहे. दुपारी साधारण साडेपाचशे ताटं होतात. स्वयंपाक केटररच्या भांडुपच्या किचनमध्ये होतो आणि टेम्पोने येतो. आमच्याकडे फक्त पोळ्या, कोशिंबीर, चहा आणि वाढप.

गुरुवारी बाहेरच्या ऑडिटरने स्वच्छता तपासणी केली. अहवालात ३१ शेरे आहेत. मी ॲडमिनमध्ये आहे आणि कँटीन कमिटीत नुकतंच माझं नाव घुसवलंय. साहेबांचा निरोप आला, 'मंगळवारपर्यंत सुधारणांची यादी मुदतींसकट केटररला पाठवा.'

मी काय केलं, तर ३१ शेरे एक्सेलमध्ये उतरवले, शेजारी 'कार्यवाही' आणि 'मुदत' असे रकाने काढले. मग अडकले. 'डाळ ५२ अंश' याच्यापुढे लिहू काय? 'डाळ गरम ठेवावी'? आणि सगळ्यांच्या मुदतीत 'तात्काळ' लिहिलंय, ते मलाच हास्यास्पद वाटतंय. कुणी हे काम केलं असेल तर सांगा.

कावळा_कोकणातला (७:२५)

३२वा शेरा: कमिटीत सदस्य जबरदस्तीने भरती. मुदत: तात्काळ.

नियमबाबा (७:४८)

सोपं आहे. अन्न सुरक्षा कायदा २००६, कलम ३२. सुधारणा नोटिशीत १४ दिवसांपेक्षा कमी मुदत देता येत नाही. सगळ्या शेऱ्यांना १४ दिवस लिहा, कायद्याने सुरक्षित.

चिमटा (८:३०)

नियमबाबा, कलम बरोबर, जागा चुकली. ती नोटीस सरकारी अधिकारी परवानाधारकाला देतो, तिची ती मुदत. हा मीठमिरचींच्या कंपनीचा आणि केटररचा आपसातला मामला आहे. करारात बसत असेल तर त्या 'उद्या दुपारी' असंही लिहू शकतात. ५२ अंशांच्या डाळीला १४ दिवस दिले, तर दहा कामाच्या दिवसांत साडेपाच हजार ताटं जातील.

मीठमिरची, मी बरीच वर्षं ऑडिटरच्या बाजूने हे काम केलंय. तुमची अडचण एक्सेलची नाही. तुम्ही शेरा आणि काम यांना एकाच ओळीत बसवताय. शेरा म्हणजे त्या दिवशी त्या माणसाला जे दिसलं ते. काम त्यामागच्या कारणावर करायचं असतं. ३१ शेऱ्यांची ३१ कामं कधीच नसतात. त्यातले पाच-सहा एकाच दुखण्याची लक्षणं असतात, आणि एखादा शेरा फोडून दोन माणसांना द्यावा लागतो.

डाळीच्या आसपास अहवालात आणखी काय आहे ते लिहा बघू. तापमान, थर्मामीटर, रजिस्टर, गरम पाण्यावर पदार्थ ठेवायची बेन मारी, जे असेल ते.

सुगरण_ठाणे (८:४१)

माझ्या मुलाच्या शाळेच्या कँटीनमध्ये तर समोसा कालचा असतो! तक्रार केली की म्हणतात ताजाच आहे. तुम्ही त्यांना काहीतरी डाएटचा मेनू पण द्यायला लावा, नाचणी वगैरे.

मीठमिरची (९:०५)

सुगरणताई, मेनूचा विषय नाहीये, तपासणीचा आहे. पण समोशाबद्दल सहानुभूती.

चिमटा, शोधलं. हे पाच आहेत:

क्र. ४: डाळ ५२ अंश, दुपारी १:१५.
क्र. ५: पनीरची भाजी ५५ अंश.
क्र. ९: बेन मारीतलं पाणी कमी.
क्र. १७: प्रोब थर्मामीटर बंद, बॅटरी नाही.
क्र. १८: तापमान रजिस्टरमध्ये महिनाभर सगळीकडे ६५.

कावळा_कोकणातला (९:११)

बॅटरी नाही आणि तरी ६५. हाताने पाहत असतील, आपल्या आज्यांसारखं.

चिमटा (९:५२)

कावळ्याने नेमकं बोट ठेवलं. १७ आणि १८ वेगळे वाचले तर दोन किरकोळ शेरे. एकत्र वाचले तर कळतं की महिनाभर कुणी मोजलेलंच नाही. म्हणजे ५२ हा एका दिवसाचा अपघात होता की रोजचंच आहे, हे सांगायला तुमच्याकडे काहीच नाही. ते रजिस्टर आणखी एकदा चाळा आणि ऑफिसला सुट्टी होती त्या तारखा बघा.

आता कारण. केटररला विचाराल तर तो लिहून देईल, 'स्टाफला सूचना दिली.' हे उत्तर स्वीकारू नका. सूचना दिली हे खरंही असेल, पण त्याने डाळ गरम होत नाही. तुम्ही स्वतः सोमवारी साडेअकराला खाली उतरून उभ्या राहा. डबे किती वाजता आले, झाकण उघडल्यावर तापमान किती, बेन मारी कधी लावली, डाळ त्यात कधी ओतली, एवढंच टिपा. एक चालू थर्मामीटर घेऊन जा. आधी पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून त्यात काडी बुडवून हलवा. दोनेक मिनिटांत शून्याच्या एक अंश इकडेतिकडे आला की थर्मामीटर ठीक.

पळीवाढा (१०:३०)

मी दुसऱ्या बाजूचा. दोन कंपन्यांची कँटीनं चालवतो, चेंबूर आणि महापे. थोडं कडू बोलतो.

पहिली गोष्ट, ऑडिटरने काडी कुठे टोचली होती? बेन मारीतल्या डाळीचा वरचा थर गार असतो, दर मिनिटाला झाकण उघडतं. ढवळून मधोमध मोजायला हवं. माझ्याकडे एकदा सायीत टोचून ४९ लिहून गेले होते.

दुसरी, अशी यादी आली की तिच्यातली निम्मी कामं कंपनीची असतात. गटार तुंबलं, फरशी फुटली, एक्झॉस्ट चालत नाही, हात धुवायच्या बेसिनला पाणी नाही. आणि वर लिहिलेलं असतं 'केटरर: तात्काळ'. जागा तुमची, इमारत तुमची, मी भिंत फोडू का?

मीठमिरची (१०:४४)

मी तिथेच उभी होते. त्याने पळीने ढवळूनच मोजलं होतं. पण तुमचा दुसरा मुद्दा मला लागू आहे. क्र. २२ 'धुण्याच्या जागी झुरळं' आणि क्र. २३ 'गटाराची जाळी तुटलेली, पाणी साचतं'. दोन्हीपुढे मी केटररचंच नाव टाकलं होतं.

नियमबाबा (१०:५८)

तापमानाचं म्हणाल तर काही ठिकाणी ६० लिहिलेलं असतं, काही ठिकाणी ६५. आधी ते ठरवा, नाहीतर केटरर त्यावरच वाद घालेल.

चिमटा (११:२०)

या वेळी नियमबाबांचा मुद्दा कामाचा आहे. यादीत एकच आकडा लिहा आणि तो करारातही असू द्या. आम्ही ६५ घालायचो, म्हणजे मोजण्यात थोडी चूक झाली तरी ६० च्या खाली जात नाही. पण आत्ता त्यावर भांडायची गरज नाही, ५२ दोन्हीकडे नापास.

पळीवाढा बरोबर बोलतायत. झुरळं आणि गटार हा फोडायचा शेरा. जाळी बसवणं, उतार नीट करणं हे इमारतीच्या देखभालीचं काम, म्हणजे कंपनीचं. रात्री खरकटं न ठेवणं, कपाटं ओढून मागून पुसणं हे केटररचं. पेस्ट कंट्रोल ज्याच्या करारात असेल त्याचं. तीन वेगळ्या ओळी लिहा. एका ओळीत दोन नावं लिहिलीत की ती ओळ कुणाचीच राहत नाही.

आणि क्रमही लिहा. गटार दुरुस्त व्हायच्या आधी जेल लावलं तर पैसे पाण्यात.

दादरची_चिमणी (रविवार, सकाळी ८:१५)

मुदतींबद्दल माझा अनुभव. आमच्या हॉस्पिटलच्या कँटीनची यादी मी दोन वर्षं सांभाळली. मी 'जास्त, मध्यम, कमी' असे धोक्याचे रंग देऊन त्याप्रमाणे मुदती टाकायचे. दिसायला छान. पण महिनाभराची मुदत दिलेली कामं महिनाभर कुणी पाहायचंच नाही, आणि त्या दरम्यान धोका तसाच.

शेवटी एक रकाना वाढवला, 'तोपर्यंत काय'. यादी खरी त्याने सुधारली. मागच्या दाराखाली बोट जाईल एवढी फट होती, उंदीर यायचे. दार बदलायला खरेदी विभागाचे पाच आठवडे. तोपर्यंत काय, तर त्याच संध्याकाळी दाराला खालून पत्र्याची पट्टी ठोकायची आणि धान्याची पोती भिंतीपासून लांब मांडणीवर चढवायची. पट्टीची मुदत आजची, दाराची पाच आठवड्यांची. अशा दोन तारखा एकाच ओळीत.

चिमटा (९:०२)

चिमणी, हे मी लिहिणार होतो, तुम्ही जास्त चांगलं लिहिलंत.

मुदत ठरवताना मी दोन प्रश्न विचारायचो. हे असंच राहिलं तर पुढच्या जेवणात कुणी आजारी पडू शकतो का? आणि हे काम करायला प्रत्यक्षात किती वेळ लागतो? पहिल्याचं उत्तर 'हो' असेल तर पुढच्या वाढपाआधी काहीतरी झालंच पाहिजे, कायमचा उपाय कितीही लांब असो. ते तात्पुरतंसुद्धा जमत नसेल, तर तो पदार्थ त्या दिवशी मेनूतून काढायचा. इथे लोक कचरतात.

दुसऱ्या प्रश्नात लबाडी दोन्हीकडून होते. केटरर थर्मामीटरला पंधरा दिवस मागतो, जो दुकानात दुपारी मिळतो. आणि कंपनी वैद्यकीय दाखल्यांना दोन दिवस देते, जिथे तपासणी, रिपोर्ट, सही यातच आठवडा जातो. मग केटरर कुठूनतरी एकाच दिवशीचे बारा दाखले आणतो, एकाच हस्ताक्षरातले.

पळीवाढा (९:४०)

हे शेवटचं मी पाहिलंय. केलंय म्हणत नाही.

कावळा_कोकणातला (९:४४)

रजिस्टरमध्ये '६५' लिहा.

मीठमिरची (सोमवार, दुपारी ३:३०)

आत्ता खालून आले. थर्मामीटर बर्फात तपासून नेला होता. टिपलेलं जसंच्या तसं देते:

भांडुपहून निघाला: १०:४५ (ड्रायव्हरच्या सांगण्याप्रमाणे)
पोचला: ११:५५, जेव्हीएलआरला अडकला
डबा उघडल्यावर डाळ: ६६
डबे जमिनीवर, झाकण अर्धवट: १२:३५ पर्यंत
बेन मारी चालू केली: १२:३०
डाळ ओतली: १२:३५, तेव्हा ५९
दुपारी १:१५ ला: ५३

पाणी गार, वर तीन बोटं कमी, डाळीच्या भांड्याच्या तळाला लागतच नव्हतं. वाढपी म्हणाला, 'मॅडम, चालू केलंय ना, होईल गरम.' आणि रजिस्टरमध्ये १५ ऑगस्टलाही ६५ आहे. त्या दिवशी कँटीन बंद होतं.

चिमटा (४:१०)

तुमचं कारण सापडलं. डाळ किचनमधून गरम निघते, रस्त्यातही तगते. मरते ती तुमच्या ऑफिसात, चाळीस मिनिटं जमिनीवर आणि मग गार पाण्यावर. बेन मारी गरम ठेवते, गरम करत नाही. ५९ ची डाळ तिच्यात टाकली तर ती वर चढत नाही, वेळच जातो.

आता ओळ लिहू. कशी ते दाखवतो, शब्द तुम्ही बदला.

शेरे: ४, ५, ९, १७, १८. हे आकडे गाळू नका, पुढच्या वेळी ऑडिटर एकेक शोधेल.
काय दिसलं: वाढपाच्या वेळी डाळ ५२, पनीर ५५. सोमवारी परत ५३.
कारण: डबे आल्यावर चाळीस मिनिटं उघडे, बेन मारी उशिरा चालू, पाणी कमी, मोजणी होत नाही.
उद्यापासून: बेन मारी ११:१५ ला चालू, पाणी खुणेपर्यंत, वाफ आल्याशिवाय पदार्थ ओतायचा नाही. डबे बंदच ठेवायचे, गरजेपुरते ओतायचे. नवा थर्मामीटर आणि जादा बॅटरी.
डबा उघडताना ६५ च्या खाली निघाला तर: पूर्ण उकळी आणून, मधोमध ७५ पाहून मगच वाढायचा. किती वेळ गार होता ते माहीत नसेल तर टाकून द्यायचा.
जबाबदार: साइटचा सुपरवायझर, नावानिशी. 'केटरर' असं लिहू नका.
बंद कधी: सलग दहा कामाचे दिवस, रोज तीनदा मोजणी, त्यातल्या दोन दिवशी तुम्ही न सांगता जाऊन स्वतः मोजलेलं.

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. थर्मामीटरच्या बिलाचा फोटो म्हणजे खरेदी झाल्याचा पुरावा. डाळ गरम असल्याचा नव्हे.

दादरची_चिमणी (४:३२)

भाताचं वेगळं लिहा हं. भातात एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की तो जे विष तयार करतो ते परत गरम करून जात नाही. त्यामुळे 'गार झाला तर उकळी आणा' हा नियम भाताला लावू नका. कोमट पडून राहिलेला भात टाकायचाच.

पळीवाढा (५:०५)

एक प्रश्न. उकळी आणायची कशावर? अंधेरीच्या काचेच्या इमारतींत बऱ्याचदा गॅसला परवानगी नसते. चेंबूरला मी इंडक्शन मागितला तर इलेक्ट्रिकल विभाग म्हणाला, लोड नाही. चार महिने झाले.

मीठमिरची (५:२०)

बरोबर. पोळ्यांची मशीन विजेवर आहे, बाकी काही नाही. इंडक्शनसाठी वेगळी लाइन लागेल.

चिमटा (५:४८)

मग ती कंपनीची ओळ. तुमच्या देखभाल विभागाच्या नावाने, महिन्याची मुदत टाका. तोपर्यंत काय, तर ६५ च्या खाली आलेला डबा परत पाठवायचा आणि त्या दिवशीच्या मेनूत एक पदार्थ कमी. साहेबांना आधी सांगून ठेवा, पहिल्या दिवशीच ओरड होईल. आणि ही ओळ केटररच्या यादीतच दिसू द्या, वेगळ्या कागदावर नको. कंपनीच्या तारखा त्याच कागदावर दिसल्या की केटररही आपल्या तारखा मनावर घेतो. हे मी दोनदा पाहिलंय.

नियमबाबा (६:१५)

आणि दंड? मुदत चुकली की बिलातून पाच टक्के कापा. मग बघा कशी होतात कामं.

पळीवाढा (६:३१)

कापा. मी त्या महिन्यात तुरीच्या डाळीत पाणी वाढवीन. हसू नका, धंद्यात असंच होतं. ताटाचा दर तीन वर्षांत वाढवलेला नसतो आणि दंड मात्र टक्क्यात.

चिमटा (६:५०)

मी दंडाच्या बाजूने आहे, पण सगळ्यावर नाही. तोच शेरा तिसऱ्यांदा आला तर. पहिल्यांदा उशीर झाला म्हणून कापलं की रजिस्टरं आणखी सुंदर होतात.

दादरची_चिमणी (७:०४)

मला नाही पटत. आमच्याकडे दंड लावल्यावरच हेअरनेट आले. तिसऱ्यांदापर्यंत थांबायचं कशाला?

सुगरण_ठाणे (७:२०)

हेअरनेट आणि हातमोजे दोन्ही सक्तीचे करा. शाळेत मी हेच सांगितलं.

चिमटा (७:३३)

हातमोज्यांबद्दल जपून. मोजे घातलेला माणूस पैसे घेतो, नाक खाजवतो आणि त्याच मोज्याने काकडी चिरतो. हात उघडे असले तर निदान त्याला चिकट लागतं आणि तो धुतो. बेसिनला पाणी आणि साबण ही ओळ मोज्यांच्या वर ठेवा.

मीठमिरची (मंगळवार, रात्री ९:१५)

यादी गेली. एक शेरा सोडून बाकी ३० शेऱ्यांच्या १४ ओळी झाल्या. नऊ केटररच्या, चार आमच्या देखभालीच्या, एक पेस्ट कंट्रोलवाल्याची. साहेबांनी आमच्या चार ओळी पाहून विचारलं, 'हे केटररला का दाखवायचं?' मी चिमटांचं वाक्य माझं म्हणून सांगितलं. क्षमस्व. दंडाची ओळ मी तूर्तास रिकामी ठेवलीय, कमिटीत दोन तट आहेत, इथल्यासारखेच.

आणखी एक. 'किचन अस्वच्छ' असा एक शेरा होता, क्र. २९. ऑडिटरला फोन करून विचारलं, नेमकं कुठे? त्याला आठवेना. ती ओळ 'ऑडिटरकडून खुलासा' म्हणून त्यालाच परत पाठवली, मुदत शुक्रवार.

कावळा_कोकणातला (९:२२)

ऑडिटरलाच मुदत! कमिटीत भरती केलेली बाई कामाची निघाली.

मीठमिरची (पुढचा गुरुवार, दुपारी २:०५)

आज न सांगता १२:२० ला गेले. बेन मारी चालू, वाफ येत होती, डबे बंद. डाळ ६९, पनीर ६७. खूश झाले. मग रजिस्टर उघडलं. १२:०० चं भरलेलं, ठीक. १:०० चं भरलेलं. २:०० चंही भरलेलं. ६८, ६७, ६६.

कावळा_कोकणातला (२:०९)

भविष्य सांगतो. आणि उतरता क्रमही लावलाय, कष्ट घेतलेत.

चिमटा (२:४०)

१७ बंद करा. ४, ५ आणि ९ चे दहा दिवस मोजत राहा. १८ उघडाच ठेवा, आणि सुपरवायझरला विचारा की २:०० चं कुणी भरायला सांगितलं. वाढपी स्वतःहून एवढं करत नाही.

पळीवाढा (३:१५)

मीच सांगतो, विचारायची गरज नाही. दीड वाजता त्याच पोराला पोळ्यांवर उभं करतात आणि दोनला भांड्यांवर. मोजायला माणूसच नसतो. यादीत ती ओळ आहे का?

मीठमिरची (३:२२)

नाही. उद्या घालते. मुदत काय लिहू?